शुक्रवारी वाढवलेलं बजेट

ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांमध्ये जाहिरातीचं बजेट वाढवण्याचा मुहूर्त बहुतेकदा शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवार तोंडावर असतात, माल भरलेला असतो, आणि ‘आता थोडा जोर लावू’ असं मनात येतं. मोबाइलवर जाहिरातीचं ॲप उघडून रोजच्या बजेटचा आकडा बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही. रविवारी रात्री ऑर्डरी मोजल्या की मन भरतं: वाढवल्याचं चीज झालं! पुढच्या बुधवारी ऑर्डरी निम्म्यावर आल्या की तेच मन खट्टू होतं, आणि बजेट पुन्हा खाली ओढलं जातं. या दोन्ही निर्णयांमागे आकडे असतात. ते आकडे खरेही असतात. तरी दोन्ही निर्णय चुकीचे असू शकतात, कारण त्या आकड्यांमध्ये बजेटचा वाटा किती आणि वाराचा वाटा किती, हे कुणी वेगळं केलेलं नसतं.

हे वेगळं करण्याची सोपी रीत म्हणजे सात दिवसांची फिरती सरासरी. आजचा दिवस आणि मागचे सहा दिवस यांची बेरीज करायची, साताने भागायचं. उद्या तेच पुन्हा: उद्याचा दिवस आत घ्यायचा, सर्वांत जुना दिवस बाहेर काढायचा. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांत रोजच्या रुग्णसंख्येबरोबर हाच आकडा छापून येत असे. रविवारी चाचण्या कमी होत, म्हणून सोमवारी आकडा खाली दिसे, पण त्यामुळे साथ ओसरली असं कुणी म्हणत नसे. जाहिरातीच्या हिशेबात मात्र हा शहाणपणा आपण सहज विसरतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

सांगलीकडचा एक घरगुती मसाल्यांचा व्यवसाय डोळ्यांसमोर आणू. उदाहरण मनाने रचलेलं आहे. धंदा काकूंचा, जाहिराती पुतण्या बघतो. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि तीन-चार चटण्या. ऑर्डरी वेबसाइटवर येतात आणि गिऱ्हाईक येतं ते मुख्यतः इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातींतून. रोजचं बजेट ५,००० रुपये. माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता एका ऑर्डरीमागे २२० रुपये उरतात, आणि जाहिरातीचा खर्च त्यातून भागवायचा असतो.

एका आठवड्याच्या ऑर्डरी अशा: शुक्रवार ३८, शनिवार ४८, रविवार ६०, सोमवार ४२, मंगळवार ३२, बुधवार २८, गुरुवार ३२. एकूण २८०, म्हणजे रोजच्या सरासरी ४०. मग पुढच्या शुक्रवारी पुतण्याने बजेट ७,५०० केलं. त्यानंतरचे सात दिवस: ४३, ५६, ७०, ४८, ३६, ३२, ३७. एकूण ३२२.

रविवारी रात्री त्याने हिशेब मांडला. बदलाआधीचे तीन दिवस, म्हणजे मंगळवार ते गुरुवार: ९२ ऑर्डरी. बदलानंतरचे तीन दिवस, शुक्रवार ते रविवार: १६९.

“काकू, बजेट दीडपट केलं आणि ऑर्डरी जवळजवळ दुप्पट झाल्या!”

“अरे, पण मागच्या रविवारीही साठ गेल्याच होत्या की,” काकू म्हणाल्या. पॅकिंगला त्याच बसतात, त्यांना वार पाठ असतात.

काकूंचं म्हणणं एवढ्यासाठी महत्त्वाचं, की पुतण्याच्या हिशेबात ऑर्डरी वाढलेल्या तर दिसतातच, पण प्रत्येक ऑर्डरीमागचा खर्च *उतरलेलाही* दिसतो. आधीच्या तीन दिवसांत १५,००० रुपयांत ९२ ऑर्डरी, म्हणजे दर ऑर्डरीला १६३ रुपये. नंतरच्या तीन दिवसांत २२,५०० रुपयांत १६९, म्हणजे १३३ रुपये. (सोयीसाठी रोजचा खर्च बजेटइतकाच धरला आहे.) आता पूर्ण आठवड्याशी पूर्ण आठवडा लावून पाहा. आधी ३५,००० रुपयांत २८० ऑर्डरी, दर १२५ रुपये. नंतर ५२,५०० रुपयांत ३२२, दर १६३ रुपये. खर्च तीस रुपयांनी उतरला असं दिसत होतं, तो प्रत्यक्षात अडतीस रुपयांनी चढला आहे. म्हणजे वाराच्या घोळाने आकडा नुसता फुगवला नाही, त्याची दिशाच उलटी केली.

बुधवारी हाच घोळ उलट्या बाजूने होतो. रविवारी ७० आणि बुधवारी ३२ हे पाहून ‘जाहिरात थकली’ असं वाटतं. पण आदल्या बुधवारी २८ होत्या, म्हणजे बुधवार खरं तर सुधारला आहे. आठवडी बाजाराच्या गावातला दुकानदार बाजाराच्या दिवसाचा गल्ला दुसऱ्या दिवसाच्या गल्ल्याशी कधी लावत नाही, तो या बाजाराशी मागचा बाजार लावतो. मोबाइलवरच्या विक्रीलाही असाच बाजाराचा दिवस असतो, फक्त तो दवंडी पिटून येत नाही.

सातच का, आणि आत काय चालतं

पाच दिवसांची सरासरी का नको, किंवा दहाची? पाच दिवसांच्या तुकड्यात कधी रविवार येतो, कधी येत नाही. दहा दिवसांत कधी एक रविवार, कधी दोन. सात दिवसांचा तुकडा कुठूनही कापा, त्यात प्रत्येक वार एकदाच येतो. म्हणून वारामुळे होणारा चढ-उतार तिथे आपोआप मिटतो. चौदा आणि अठ्ठावीस दिवसांनाही हाच गुण आहे. महिन्याला तो नाही: ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच-पाच वेळा येतात, आणि त्यांत शनिवार-रविवार असतील तर तो महिना काही न करताच चांगला दिसतो.

फिरत्या सरासरीच्या पोटात काय घडतं, हेही एकदा पाहण्यासारखं आहे. बदलाआधीच्या गुरुवारी सरासरी ४० होती. शुक्रवारी नव्या शुक्रवारच्या ४३ आत आल्या आणि जुन्या शुक्रवारच्या ३८ बाहेर गेल्या. फरक पाचाचा, तो साताने भागला की सरासरी ४०.७ होते. शनिवारी ५६ आत, ४८ बाहेर, सरासरी ४१.९. म्हणजे ही सरासरी दर दिवशी गुपचूप एकच काम करते: आजच्या वाराची मागच्या त्याच वाराशी तुलना. काकूंनी तोंडी केलं तेच ती आकड्यांत करते.

पण इथेच एक नवा सापळाही तयार होतो. पुढचे आकडे पाहा: रविवारी ४३.३, सोमवारी ४४.१, मंगळवारी ४४.७, बुधवारी ४५.३, गुरुवारी ४६. आलेख काढला तर आठवडाभर हळूहळू चढणारी रेघ दिसते, आणि ‘जाहिरात रोज थोडी थोडी सुधारते आहे, अजून वाढेल’ असा अर्थ काढण्याचा मोह होतो. तसं काही घडलेलं नाही. बजेटचा परिणाम समजा पहिल्याच दिवशी पूर्ण झाला, तरी रेघ अशीच चढेल. कारण शुक्रवारच्या सरासरीत सहा दिवस जुन्या बजेटचे आणि एक नव्या बजेटचा असतो, शनिवारी पाच जुने आणि दोन नवे, असं करत सातव्या दिवशी सगळे दिवस नव्या बजेटचे होतात. मधल्या सहा दिवसांचे आकडे भेसळीचे आहेत. त्यांच्यावरून निकाल द्यायचा नाही.

म्हणून बजेट बदललेल्या तारखेला तक्त्यात एक ठळक रेघ मारायची आणि निकालासाठी फक्त दोन आकडे घ्यायचे: बदलाच्या आदल्या दिवशीची सरासरी आणि बदलाचा दिवस धरून सातव्या दिवसाची. शुक्रवारी सकाळी बदल केला, तर पहिला निर्भेळ आकडा पुढच्या गुरुवारी रात्री मिळतो. बदल दुपारी केला असेल तर तो अर्धवट दिवस सोडून मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरावी, म्हणजे निकालही एक दिवस पुढे जातो.

तक्ता मांडताना

हे सगळं मोबाइलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. ‘ए’ स्तंभात तारीख, ‘बी’मध्ये खर्च, ‘सी’मध्ये ऑर्डरी, पहिली ओळ मथळ्यांची. आठव्या ओळीत हे दोन सूत्र लिहायचे आणि खाली ओढायचे. पहिलं रोजच्या सरासरी ऑर्डरींचं, दुसरं दर ऑर्डरीमागच्या खर्चाचं.

```
=SUM(C2:C8)/7
=SUM(B2:B8)/SUM(C2:C8)
```

दुसऱ्या सूत्रात सात दिवसांच्या खर्चाची बेरीज भागिले सात दिवसांच्या ऑर्डरींची बेरीज असं केलं आहे. अनेक जण इथे रोजचा दर काढून त्या सात दरांची सरासरी घेतात. आपल्या पहिल्या आठवड्यात तसं केलं तर १२५ ऐवजी जवळजवळ १३३ येतात. कारण २८ ऑर्डरींच्या बुधवारला ६० ऑर्डरींच्या रविवारइतकंच वजन मिळतं, आणि मंद दिवसांचा महाग दर सरासरीला वर ओढतो. फरक आठच रुपयांचा वाटतो, पण रोजच्या ऑर्डरी जितक्या कमी आणि जितक्या असमान, तितका तो वाढतो.

दुसरी काळजी खर्चाच्या स्तंभाची. तिथे ठरवलेलं बजेट लिहू नये, प्रत्यक्षात गेलेला खर्च लिहावा. गूगलच्या जाहिरातींत एखाद्या दिवशी ठरवलेल्या रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, हिशेब महिन्याच्या मर्यादेत बसवला जातो. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाही चांगल्या संधीच्या दिवशी जास्त आणि इतर दिवशी कमी खर्च करते, आणि बजेट न बदलता चाललेल्या आठवड्यात एकूण खर्च रोजच्या बजेटच्या सातपटीत ठेवते. तिचा हा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. थोडक्यात, खर्चालाही वार असतात. फक्त ऑर्डरींची सरासरी काढून खर्च मात्र बजेटवरून धरला, तर निम्मंच काम होतं.

तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक, पण तीच जास्त वेळा नडते. ऑर्डर न आलेल्या दिवशी तक्त्यात शून्य लिहावं. ओळच गाळली तर सात ओळींत आठ दिवसांचा काळ येतो, एखादा वार निसटतो, आणि ज्यासाठी सात निवडले तोच उद्देश बुडतो.

वाढीव ऑर्डर कितीला पडली?

आता पुन्हा काकूंच्या हिशेबाकडे. दर ऑर्डरीमागे १६३ रुपये जातात आणि २२० उरतात, म्हणजे अजूनही ५७ रुपये हातात राहतात. मग बजेट वाढवणं योग्यच ठरलं, नाही का?

इथे प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. आधीच्या २८० ऑर्डरी ५,००० च्या बजेटमध्येही येतच होत्या. नव्या बजेटने आणल्या त्या वरच्या ४२, आणि त्यांच्यासाठी मोजले वरचे १७,५००. म्हणजे वाढीव ऑर्डर एकेक ४१७ रुपयांना पडली, आणि तिच्यातून मिळाले २२०. सगळ्यांची सरासरी काढली की जुन्या स्वस्त ऑर्डरी नव्या महाग ऑर्डरींना झाकून टाकतात. आठवड्याच्या नफ्यावरून हे स्वच्छ दिसतं. आधी २८० ऑर्डरींचे ६१,६०० रुपये, त्यातून ३५,००० जाता उरले २६,६००. नंतर ३२२ ऑर्डरींचे ७०,८४०, त्यातून ५२,५०० जाता उरले १८,३४०. विक्री वाढली, पॅकिंगचं काम वाढलं, आणि पदरात आठ हजारांहून अधिक कमी पडले. (त्या ४२ गिऱ्हाइकांपैकी किती जण पुन्हा मागवतील, हा हिशेब वेगळा. तो करायचा तर त्यांची आधीची नोंद हवी, नुसती आशा पुरत नाही.)

पण हा ४२ चा आकडा तरी किती पक्का? सात दिवसांची सरासरी वाराचा परिणाम काढते, योगायोग काढत नाही. काहीही न बदलता एका आठवड्यात २८० आणि दुसऱ्यात ३०० ऑर्डरी येऊ शकतात. याचा अंदाज घेण्याची एक ढोबळ रीत आहे: दोन्ही काळांतल्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ते दुप्पट करायचं. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. २८० आणि ३२२ मिळून ६०२, वर्गमूळ साधारण २५, दुप्पट ५०. फरक ४२ चा, म्हणजे एका आठवड्यावरून बजेटमुळे ऑर्डरी वाढल्या एवढंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून काकूंनी आणखी एक आठवडा थांबायचं ठरवलं. तो ३१४ ऑर्डरींचा गेला. बदलाआधीचा आणखी एक जुना आठवडा २७६ चा होता. आता दोन आठवड्यांशी दोन आठवडे: ५५६ आणि ६३६. फरक ८० चा, योगायोगाचा वाटा जास्तीत जास्त ७० च्या आसपास. वाढ खरी असावी. आणि वाढीव खर्च ३५,००० रुपये. काकूंच्या बाजूने अगदी मोकळ्या हाताने धरलं, खरी वाढ ८० नव्हे तर १५० आहे असं मानलं, तरी वाढीव ऑर्डर २३३ रुपयांना पडते. २२० पेक्षा तीही महागच.

रोज पाच-सहाच ऑर्डरी येणाऱ्या धंद्यात मात्र दोन आठवडेही पुरत नाहीत. तिथे अठ्ठावीस दिवसांशी अठ्ठावीस दिवस लावावे लागतात, किंवा ऑर्डरीऐवजी जास्त संख्येने घडणारी गोष्ट मोजावी लागते, जसं की माल टोपलीत टाकणाऱ्यांची संख्या.

सरासरीच्या आवाक्याबाहेरचं

वार सोडून इतर कशाचंही औषध या सरासरीत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झालेले असतात. मार्च ते मे हा वर्षाचा मसाला भरण्याचा हंगाम असतो, त्या काळात बजेटला हात न लावताही रेघ चढेल. सवलतीच्या एका दिवशी दीडशे ऑर्डरी आल्या, तर तो दिवस सरासरीत सात दिवस मुक्काम करतो आणि आठव्या दिवशी बाहेर पडला की रेघ धपकन खाली येते. त्या दिवशी काहीच बिघडलेलं नसतं. अशी उडी दिसली की आजच्या आकड्याआधी बरोबर सात दिवसांमागचा आकडा तपासावा.

हंगामावर उपाय म्हणजे एखादा भाग जुन्या बजेटवरच ठेवणं. काकूंच्या जाहिराती पुणे आणि मुंबई या दोन भागांसाठी वेगवेगळ्या चालत असतील, तर बजेट फक्त पुण्याचं वाढवायचं. दोन्हीकडच्या सात दिवसांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की हंगामाची वाढ दोन्हीकडे दिसेल, बजेटची फक्त पुण्यात.

शेवटचा अडथळा उशिराचा. आज जाहिरात पाहून परवा ऑर्डर देणारे खूप असतात. जाहिरात कंपन्यांच्या अहवालांत ती ऑर्डर साधारणपणे जाहिरात पाहिल्याच्या किंवा क्लिक केल्याच्या तारखेला जमा होते, त्यामुळे शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी गरीब दिसतात आणि नंतर भरत जातात. गुरुवारी संपलेला आठवडा रविवारी-सोमवारी वाचावा, तो याचसाठी. शिवाय बजेट मोठ्या उडीने बदललं की मेटाची यंत्रणा जाहिरात कुणाला दाखवायची हे काही काळ नव्याने शिकते, आणि त्या दिवसांतले आकडे अस्थिर असतात. त्यामुळे पहिल्यापेक्षा दुसरा आठवडा जास्त विश्वासाचा.

काकूंच्या व्यवसायापुरता निकाल असा: ७,५०० परवडत नाहीत. ५,००० च्या पुढची प्रत्येक पायरी तोट्याचीच आहे असं मात्र यातून सिद्ध होत नाही, कारण मधलं काहीच तपासलेलं नाही. आता बजेट ६,००० करायचं, दोन पूर्ण आठवडे ते तसंच ठेवायचं, तेवढ्या काळात किंमत, सवलत किंवा जाहिरातीतला फोटो बदलायचा नाही, आणि तुलना त्याच जुन्या ५५६ शी करायची. वाढीव खर्च १४,००० रुपये होईल. तो भरून निघायला दोन आठवड्यांत निदान ६४ ऑर्डरी जास्त यायला हव्यात. पुतण्याने हा ६४ चा आकडा बजेट बदलण्याआधीच तक्त्यात लिहून ठेवला आहे.